अधिवेशनाला जायचंय? रजा नामंजूर करून घेण्याची खात्रीशीर पद्धत

अधिवेशन नागपुरात, गुरुवार-शुक्रवार. तुम्ही नाशिकच्या केंद्र सरकारी कचेरीत आणि युनियनने तुमचं नाव प्रतिनिधी म्हणून पाठवलेलं. म्हणजे रजा मिळण्याची धोकादायक शक्यता आहे. ती वेळीच टाळायला हवी.

सुरुवात अर्जाच्या विषयापासून करा. 'विशेष नैमित्तिक रजा' असं चुकूनही लिहू नका. 'दोन दिवस सुट्टी मिळणेबाबत' हे पुरे. कारण? 'घरगुती अडचण.' आस्थापना शाखेतल्या बाबूंना मग काही विचारावंच लागत नाही, ते वर्षाच्या आठ सीएलमधून गुपचूप दोन कापतात. खरं कारण लिहिलंत तर तो माणूस नियम उघडतो. त्यात मान्यताप्राप्त संघटनेच्या पदाधिकाऱ्याला वर्षाला 20 दिवसांपर्यंत, बाहेरगावी जाणाऱ्या प्रतिनिधीला 10 आणि अधिवेशन आपल्याच गावी असेल तर स्थानिक प्रतिनिधीला 5 दिवसांपर्यंत विशेष रजा देता येते, असं त्याला सापडतं. उगाच कोणाच्या ज्ञानात भर कशाला?

आता निमंत्रण. ते 'सर्व सभासद बंधू-भगिनींना' असंच असू द्या. तुमचं नाव, हुद्दा, 'प्रतिनिधी' हा शब्द, सरचिटणीसांची सही, जावक क्रमांक यातलं काहीही त्यावर येता कामा नये. साहेब विचारतील, 'तुम्ही प्रतिनिधी की प्रेक्षक?' तेव्हा मोबाईलवर आलेला फोटो दाखवा. झूम करून दाखवलात तर आणखी उत्तम. संघटनेला मान्यता मिळाल्याचा आदेश क्रमांक विचारला, तर 'अहो, आपली युनियन सगळ्यांना माहीत आहे' म्हणा. माहीत असणं आणि फायलीत असणं यात गोदावरीच्या दोन काठांइतकं अंतर असतं, हे बाबूंनाही ठाऊक आहे.

सगळ्यात मोठी करामत मात्र विषयपत्रिकेत आहे, म्हणून इथे थोडं थांबू. उद्घाटन गुरुवारी साडेदहाला, समारोप शुक्रवारी संध्याकाळी. नाशिकरोडहून बुधवारी रात्रीची गाडी पकडली की गुरुवारी वेळेत पोहोचता. परत निघून शनिवारी सकाळी घरी, आणि शनिवारी कचेरीला सुट्टीच. म्हणजे लागते ती दोनच दिवसांची रजा. मार्चमधल्या कार्यकारिणीच्या बैठकीला तीन दिवस गेले असले, तरी दहातले सात शिल्लक आहेत. हिशोब इतका सरळ आहे की तो मोडलाच पाहिजे. म्हणून अर्जात 'बुधवार ते शनिवार, प्रवासासह' लिहा. विषयपत्रिकेत गुरुवार-शुक्रवार आणि अर्जात चार दिवस! अशी विसंगती दिसली की बाबूंच्या चेहऱ्यावर सकाळच्या मिसळीनंतरही आली नसेल इतकी तरतरी येते. अर्ज 'स्पष्टीकरणासह फेरसादर' असा शेरा घेऊन परततो, तोवर गाडी गेलेली असते.

पत्रिकेत दुसऱ्या दिवशी दुपारी 'भव्य मोर्चा' छापलेला असेल, तर त्याच ओळीला पिवळा रंग मारा. विशेष रजा बैठकीसाठी असते, मोर्चासाठी नाही. साहेबांचं लक्ष ठरावांवरून नेमकं तिथे जावं, यासाठी एवढं कराच. (आमच्या एका मित्राने असा रंग खरोखर मारला होता. 'ठळक कार्यक्रम दिसावा म्हणून' म्हणाला. आम्ही त्याला अजून द्राक्षाच्या सीझनमध्ये चिडवतो.)

अर्ज बुधवारी संध्याकाळी सव्वापाचला द्या, साहेब डबा आवरत असतील तेव्हा. आठवडाभर आधी दिलात, तर तुमचं टेबल कोण सांभाळणार हे ठरवायला त्यांना वेळ मिळेल आणि 'कामाच्या निकडीमुळे' हा लाडका शेरा वाया जाईल. मुख्यालय सोडण्याची परवानगी त्याच अर्जात मागायची असते, तीही विसरा. प्रवासभत्ता मात्र आवर्जून मागा. तो मिळत नाही, पण मागितल्यावर साहेबांना तुमच्याबद्दल जे वाटतं ते बघण्यासारखं असतं.

एवढं करूनही कुठल्या तरी बेसावध साहेबाने रजा मंजूर केलीच, तर खचू नका. परत आल्यावर उपस्थितीचा दाखला जोडायचा असतो. तो नागपुरात समारोपाच्या गर्दीत, सरचिटणीसांच्या सहीसकट, तुमच्या हातात पडतो. त्यातच संत्रा बर्फी गुंडाळा. सोमवारी बाबूंच्या टेबलावर पुडी ठेवा. ते बर्फी खातील, कागद टोपलीत टाकतील आणि तासाभराने तुम्हाला बोलावून विचारतील, 'काय हो, दाखला कुठाय?'