एक लाखाचा आकडा: त्या फॉरवर्डमधल्या चारही मुद्द्यांबद्दल

"युरिन कल्चरचा रिपोर्ट स्वतः वाचायला शिका! १) कॉलनी काउंट एक लाखाच्या वर = इन्फेक्शन पक्कं. २) एक लाखाच्या खाली = काही नाही, जळजळ उष्णतेची, पाणी प्या. ३) सॅम्पल घरून कधीही द्या, जंतू काय पळून जात नाहीत. ४) मिक्स्ड ग्रोथ आलं म्हणजे खूप जंतू, स्ट्राँग अँटिबायोटिक लागणार."

हे माझ्याकडे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून आलं, मग नात्यातल्या ग्रुपवरून, आणि मग मावशीने फोन करून वाचून दाखवलं कारण तिचाच रिपोर्ट हातात होता. मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये अनेक वर्षं रोज ह्याच प्लेट्स, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून मोजायच्या बशा, वाचतेय, त्यामुळे मला राहवत नाही, लिहितेच.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण बाकीचे तिन्ही त्याच्यावर उभे आहेत. जंतू पळून जात नाहीत हे खरं, पण ते वाढतात की! लघवी म्हणजे ई. कोलायसारख्या जंतूंसाठी चांगलं खाद्य आहे. मूत्राशयातून निघताना लघवी स्वच्छ असली तरी बाहेर येताना मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि आजूबाजूच्या कातडीवर जे जंतू नेहमीच असतात त्यातले थोडे सोबत येतात, बायकांच्यात तर जास्तच. समजा डबीत दर मिलिलिटरला १,००० जंतू असे पडले, म्हणजे किरकोळ. उन्हाळ्यात डबी गरम पिशवीत राहिली आणि ते दर ४० मिनिटांनी दुप्पट झाले असं धरा (गरमी जास्त असेल तर ह्याहून लवकर होतात, गारव्यात सावकाश), तर सात वेळा दुप्पट व्हायला पावणेपाच तासही लागत नाहीत आणि आकडा होतो १,२८,०००. गेला लाखाच्या वर. इन्फेक्शन कुणाला झालं? डबीला.

म्हणून सॅम्पल दोन तासांच्या आत लॅबमध्ये प्लेटवर लागलं पाहिजे, तेवढं जमत नसेल तर लगेच फ्रिजमध्ये साधारण ४ अंशाला ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, आणि मग २४ तासांपर्यंत चालतं. काही ठिकाणी बोरिक अ‍ॅसिड घातलेली डबी देतात, ती ह्याचसाठी असते, त्यातली पावडर "घाण आहे" म्हणून धुऊन टाकू नका, लोक टाकतात हो.

मावशीचंच सांगते. वय ५८, जळजळ नाही, ताप नाही, एका ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांमध्ये कुणीतरी कल्चरही लिहून दिलं होतं. रिपोर्ट: ई. कोलाय, एक लाखाच्या वर. पण त्याच कागदावर वरती साध्या तपासणीत पस सेल्स २-३ आणि एपिथेलियल सेल्स भरपूर. आता ह्या एपिथेलियल सेल्स म्हणजे बाहेरच्या कातडीच्या पेशी, त्या भरपूर दिसल्या की समजायचं सॅम्पल घेताना लघवी कातडीवरून वाहून आली. पस सेल्स जवळजवळ नाहीत म्हणजे शरीर आत कुणाशी लढत नाहीये. मी विचारलं, मावशी सॅम्पल कधी भरलंस? म्हणाली पहाटे सहाला, पहिलीच धार, आणि काका कामावर जाताना साडेअकराला देऊन गेले. साडेपाच तास!

परत द्यायला लावलं. ह्यावेळी लॅबमध्येच. आधी साध्या पाण्याने धुवायचं (डेटॉल वगैरे नको, ते सॅम्पलमध्ये उतरलं तर खऱ्या जंतूंनाही मारतं), बोटांनी जागा मोकळी धरून पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धार डबीत, डबीच्या कडेला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला हात नाही. अर्ध्या तासात प्लेट लागली. दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी.

आता एक लाख हा आकडा आला कुठून ते सांगते, कारण पहिले दोन मुद्दे तिथेच फसलेत. १९५० च्या दशकात बॉस्टनमध्ये एडवर्ड कास नावाच्या डॉक्टरांनी बायकांच्या लघवीतले जंतू मोजले. काहींना किडनीपर्यंत पोचलेलं इन्फेक्शन होतं, काहींना काहीच त्रास नव्हता, आणि ह्यात खरे जंतू कुठले आणि बाहेरून मिसळलेले कुठले हे वेगळं करायला त्यांनी १,००,००० ची रेघ मारली. रेघ उपयोगाची आहे, पण त्यांच्याच मोजणीत त्रास नसलेल्या बाईचं एकच सॅम्पल रेघेच्या वर असेल तर खरंच जंतू असण्याची शक्यता ८० टक्के धरली होती, दुसऱ्या सॅम्पललाही तसंच आलं तर ९५. म्हणजे एका कागदावर "पक्कं" असं त्यांनीसुद्धा म्हटलं नव्हतं. आणि मूत्राशयात जंतू खरेच असले तरी त्रास काहीच नसेल तर बहुतेकांना औषध लागतच नाही, गरोदर बायका आणि मूत्रमार्गाचं, रक्त येऊ शकेल असं ऑपरेशन होणार असलेले लोक हे मुख्य अपवाद.

उलट बाजू जास्त त्रासदायक आहे. जिला जळजळ होतेय ती दर अर्ध्या तासाने बाथरूमला जाते, वर लोक सांगतात पाणी पी म्हणून तांब्याने पाणी पिते, मग जंतूंना मूत्राशयात वाढायला वेळ कुठे मिळणार आणि जे आहेत ते पाण्याने पातळ होतात, काउंट खालीच येणार ना! १९८२ साली स्टॅम ह्यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात जळजळ असलेल्या बायकांच्या मूत्राशयातून थेट लघवी घेऊन बघितली, तेव्हा ज्यांच्या मूत्राशयात ई. कोलायच्या जातीचे जंतू खरोखर होते त्यातल्या जवळपास निम्म्या बायकांच्या मधल्या धारेच्या सॅम्पलमध्ये काउंट एक लाखाच्या खाली होता. त्रास स्पष्ट असेल तर १०० सुद्धा खरा असू शकतो.

आणि इथे आमच्या बाजूची एक मर्यादा आहे. आम्ही सॅम्पल मोजून घेतो ते एका बारीक तारेच्या लूपने, त्यात नेहमी एक मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो. रात्रभर ठेवून प्लेटवर एक कॉलनी, म्हणजे एका जंतूपासून वाढलेला ठिपका, आली तर ती दर मिलिलिटरला १,००० धरायची. म्हणजे १०० वाले जंतू ह्या लूपला बहुतेक वेळा दिसणारच नाहीत, त्याला दहापट मोठा लूप लागतो. म्हणून फॉर्मवर "जळजळ आहे, दोन दिवसांपासून" एवढं लिहिलेलं असलं तर आम्ही चार कॉलन्यासुद्धा सोडत नाही. एका २६ वर्षांच्या मुलीच्या प्लेटवर नेमक्या चार होत्या, सगळ्या ई. कोलाय, म्हणजे ४,०००, आणि पस सेल्स २५-३०. फॉर्म कोरा असता तर कुणीही "महत्त्वाची वाढ नाही" लिहून मोकळं झालं असतं.

मिक्स्ड ग्रोथचं थोडक्यात. हॉस्पिटलात भरती नसलेल्या माणसाला इन्फेक्शन असेल तर मूत्राशयात साधारणपणे एकच जात माजलेली असते. प्लेटवर तीन-चार जातींची थोडी थोडी गर्दी, त्यात लॅक्टोबॅसिलस, कातडीवरचे स्टॅफ वगैरे, म्हणजे सॅम्पल बाहेर मिसळलंय, परत द्या. त्यावर अँटिबायोटिक ठरवायचं तरी कुठल्या जंतूवर? बरेच दिवस कॅथेटर असलेल्या पेशंटचं वेगळं, तिथे खरंच दोन-तीन जाती असू शकतात, पण ते पेशंटला बघणाऱ्या डॉक्टरने ठरवायचं. तान्ह्या बाळाला चिकटवलेल्या पिशवीतलं सॅम्पलही असंच, त्यात काही उगवलं नाही तर विश्वास ठेवा, उगवलं तर कॅथेटरने घेतलेलं दुसरं मागा.

मावशीला डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही. गोळ्या मात्र तिने फॉरवर्ड वाचून आधीच आणल्या होत्या, त्या केमिस्टकडे परत करायला काका काल गेले.