अल्फा उत्तम, पण मोजलं काय?

"क्रॉनबॅक अल्फा ०.९ च्या वर असला की स्केल रिलायबल आणि व्हॅलिडही. प्रोटोकॉलमध्ये तेवढा आकडा आणि संदर्भ टाका, बाकी काही लागत नाही."

परळच्या हॉस्टेलवरून भाचीने हे रात्री साडेअकराला पाठवलं. खाली लिहिलेलं, "मामा, मग झालं ना?" नाही गं बाई, झालं नाही! स्केलचे मुद्दे एकमेकांशी किती जुळतात, तेवढंच अल्फा सांगतो. स्केल व्हॅलिड, म्हणजे वैध, तेव्हाच जेव्हा जे मोजायचंय तेच ते मोजतं.

तिच्या थिसिसचा विषय असा: थायरॉइड जास्त चालणाऱ्या रुग्णांची चिंता समुपदेशनाने कमी होते का. चिंता मोजायला स्केल निवडलंय हॅमिल्टनचं, १९५९ सालचं. चौदा मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. त्यातले सात शरीराच्या तक्रारींचे.

आता ओपीडीत एक बाई आली असं धर. धडधड, ३ गुण. घाम, ३. पोट सैल, २. झोप नाही, ३. बोलताना हात थरथरतात, २. झाले तेरा, आणि बाईंच्या मनात काळजी कसलीच नाही. या सगळ्या तक्रारी एकाच हार्मोनमुळे एकदम वाढतात, म्हणून मुद्दे एकमेकांशी छान जुळतात आणि अल्फा चढतो. अल्फाला एवढंच कळतं की मुद्दे एकत्र हलतात. कशामुळे हलतात, ते त्याला ठाऊक नसतं. पुढे कार्बिमॅझोलने थायरॉइड आटोक्यात आला की गुण उतरतील आणि श्रेय मिळेल समुपदेशनाला.

शिवाय हे स्केल रुग्ण स्वतः भरत नाही, मुलाखत घेणारा भरतो. दोन डॉक्टरांनी तोच रुग्ण स्वतंत्रपणे पाहून सारखे गुण दिले का, हे अल्फातून कळतच नाही. त्यासाठी दोघांचे गुण किती जुळतात ते सांगणारा आकडा, आयसीसी, काढावा लागतो.

एक मात्र मान्य. अल्फा ०.५ वगैरे असेल तर बेरजेवर फार विसंबू नये.

"मग जीएडी-७ घेते, त्याचा ०.९२ आहे," हा तिचा पुढचा मेसेज. जीएडी-७ हेही चिंता मोजणारं स्केल. त्याचा २००६ चा मूळ पेपरच उघड की. अल्फा तिथेही आहे, पण लेखक तेवढ्यावर थांबले नाहीत. ९६५ रुग्णांच्या स्वतंत्र मुलाखती घेऊन त्यांनी स्केल पडताळलं. दहाच्या कटऑफला खरे रुग्ण ८९ टक्के पकडले गेले आणि आजार नसलेले ८२ टक्के बरोबर वगळले गेले. वैधतेचा पुरावा हा. तोही अमेरिकेतल्या साध्या दवाखान्यांतला. अस्वस्थपणा आणि चिडचिड त्यातही विचारतात, आणि थायरॉइडमध्ये दोन्ही होतात.

म्हणून तिला सांगितलं, जीएडी-७ चालेल, पण निदान काही रुग्णांची स्केलचे गुण न बघता मानसोपचारतज्ज्ञाकडून मुलाखत करून घे. दरवेळी रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन, टी-४, नोंदव आणि गुण त्याच्याबरोबर खालीवर होतात का, ते बघ. तुलनेचा गट हवाच: तेच औषध, समुपदेशन नाही.

सकाळी उत्तर आलं, "मामा, गाइड ओरडतील." ओरडू देत.