फुगवा, पण फुगवल्यासारखं नको

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कधी ‘केसांना व्हॉल्यूम द्या’ म्हणत नाही. ते दोन्ही पंजे डोक्याच्या वर धरतं, हवेतच काहीतरी थोपटतं आणि म्हणतं, “जरा इथे... असं...” पुढचं आपण समजून घ्यायचं. मी पुण्यातल्या एका स्टुडिओत फोटोशॉपवर फोटो रिटच करतो. मुरूम घालवणं, चष्म्यावरची चमक काढणं ही कामं चहा पितापिता होतात. पण कोणी डोक्यावरच्या हवेला थोपटायला लागलं की मी चहाचा कप बाजूला ठेवतो.

त्या दिवशी थोपटणाऱ्या होत्या एक शाळेतल्या बाई. निवृत्त होणार होत्या. शाळेच्या व्हरांड्यात माजी मुख्याध्यापकांच्या ओळीत त्यांचा फोटो लागायचा होता, म्हणजे पुढची पंचवीस-तीस वर्षं पोरं त्याखाली डबे खाणार. आणि बाई फोटो काढायला आल्या होत्या स्कूटरवरून, हेल्मेट घालून. पुण्यात हेल्मेट घालणारी व्यक्ती भेटणं हेच आधी कौतुकाचं. पण त्या सद्‌वर्तनाची किंमत केसांनी मोजली होती. भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस टाळूला चिकटलेले, भांग स्वतःहून रुंद झालेला आणि कानांवर मात्र दोन बटा बाहेर फेकलेल्या.

“जरा फुगवा हो,” बाई म्हणाल्या. “पण फुगवल्यासारखं दिसायला नको.”

“आमच्या भाच्यानं करून बघितलं मोबाइलवर,” असं म्हणत बाईंच्या यजमानांनी खिशातून फोन काढला. भाच्यानं केस सगळीकडून सारखेच बाहेर ओढले होते. कानाशी जेवढे, तेवढेच टाळूवर, तेवढेच मानेपाशी. कड गुळगुळीत, एकही केस वाकडा नाही. केसांसोबत कपाळाची रेषाही वर सरकलेली, त्यामुळे कपाळावर आणखी एक टिकली मावली असती. डोक्यावरची नैसर्गिक चमक ताणून रुंद पट्टा झालेली. हेल्मेटनं चपटे केलेले केस दुरुस्त करायला गेलेल्या पोरानं बाईंना पुन्हा हेल्मेटच घातलं होतं, फक्त काळं आणि आयएसआय मार्क नसलेलं.

“काच तेवढी राहिली,” यजमान म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे वर्गात बघतात तसं बघितलं.

भाच्याची चूक समजून घेण्यासारखी आहे, कारण ती सगळ्यांचीच होते. आपल्याला वाटतं केस फुगवायचे म्हणजे केसांचा आकार मोठा करायचा. खरे दाट केस सगळीकडून मोठे नसतातच. ते मुळापाशी उचललेले असतात. सगळ्यात जास्त उचल टाळूवर, भांगाच्या जरा मागे. कानशिलांपाशी ते पुन्हा डोक्याजवळ येतात. एक बाजू दुसरीपेक्षा थोडी वर असते. आणि कड तुटक असते, तिच्यातून मागचा उजेड मध्येमध्ये डोकावतो. ही चार लक्षणं गेली की राहतं ते शिरस्त्राण.

किती उचलायचं, याचा मी चक्क हिशोब करतो. बाईंच्या फोटोत हनुवटीपासून केसांच्या वरच्या टोकापर्यंत साधारण 1500 पिक्सेल होते. खऱ्या डोक्यात हे अंतर 23 सेंटिमीटर धरलं तर एका सेंटिमीटरला 65 पिक्सेल. धुऊन वाळवलेले केस चपट्या केसांपेक्षा टाळूवर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर उभे राहतात. म्हणजे माझी मर्यादा ठरली: टाळूवर 65 ते 100 पिक्सेल, बाजूंना फार तर 20-30, कानाखाली शून्य. पडद्यावर आख्खा चेहरा एकदम बघताना 100 पिक्सेल म्हणजे काहीच नाही असं वाटतं आणि हात सुटतो. मग बाईंच्या डोक्यावर तीन सेंटिमीटरचा मजला चढतो आणि पोरं तीस वर्षं त्याला नावं ठेवतात.

पहिलं काम भांगाचं. केस कितीही उचला, खाली टाळूची पांढरी पट्टी रुंद दिसली की केस विरळच वाटतात. फोटोवर नवा लेयर, म्हणजे एक पारदर्शक थर, घ्यायचा आणि त्यावर क्लोन स्टॅम्प, Sample मध्ये Current & Below निवडून, ब्रश 12-15 पिक्सेलचा, Alt दाबून भांगालगतचे केस उचलायचे आणि ज्या दिशेनं केस उगवलेत त्याच दिशेनं पट्टीच्या कडेवर आणायचे. पट्टी अर्धी करायची, बुजवायची नाही. बुजवली की केस उगवले कुठून हा प्रश्न उभा राहतो. आणि केस घेण्याची जागा सारखी बदलत राहायची. एकाच जागेवरून घेत राहिलात तर तीच बारकी चमक तीन ठिकाणी, एकाच अंतरावर उगवते. फोटो लहान करून लांबून बघितला की अशी जुळी भावंडं पहिल्या नजरेत सापडतात.

मग दोन्ही लेयर एकत्र करून लिक्विफाय, म्हणजे फोटोचा भाग ब्रशनं ओढून हलवायचं साधन. चेहरा, कपाळाची केसरेषा आणि कान आधी फ्रीझ मास्कनं गोठवून टाकायचे. भाच्यानं हे केलं असतं तर कपाळ जागेवर राहिलं असतं. ब्रश मोठा, 600 पिक्सेलच्या आसपास, दाब कमी. लहान ब्रशनं ओढलं की डोक्यावर टेंगळं येतात, कारण प्रत्येक ओढीत चार बटा जातात आणि शेजारच्या मागे राहतात. मोठ्या ब्रशनं सगळ्या बटा एकमेकींचा हात धरून वर येतात. मी टाळूवर, भांगाच्या डाव्या बाजूला जास्त ओढलं, उजवीकडे कमी. सत्तर पिक्सेलवर थांबलो.

यजमान खुर्ची ओढून माझ्या मागे बसले होते. “अजून थोडं?”

“ताणलं की केसांची वीण फाकते,” मी म्हणालो. हे खरं आहे. लिक्विफाय नवे केस देत नाही, आहेत तेच लांबवतं. बटा पुसट होतात, चमकेचा पट्टा पसरतो आणि खालच्या ठसठशीत केसांवर वर मऊ, प्लास्टिकसारखा थर दिसायला लागतो. हेल्मेटाची सुरुवात तिथेच होते. उरलेली उंची ओढून मिळवायची नसते. तिथे खरे केस आणून बसवावे लागतात.

त्यासाठी बाईंच्याच डोक्यावर दाट जागा शोधायची. डावीकडे कानाच्या वर एक छान बट होती. लॅसोनं सैलसर निवडली, Ctrl+J करून वेगळ्या लेयरवर घेतली, टाळूवर नेली आणि वार्पच्या जाळीनं डोक्याच्या गोलाईवर वाकवली. वाकवताना मुळाकडचं टोक स्थिर ठेवायचं आणि मधला भाग उचलायचा, म्हणजे बट टाळूतून निघून वर जाऊन पडल्यासारखी दिसते. सगळीच बट वर सरकवली तर ती डोक्यावर ठेवल्यासारखी दिसते, आणि ठेवलेली वस्तू लोक ओळखतात. टोपाच्या जाहिराती आपण सगळ्यांनीच बघितल्या आहेत.

“तीच उलटी करून उजवीकडे लावा की,” यजमान म्हणाले. “दोन्ही बाजू सारख्या होतील.”

सारख्या होतील, हेच तर नको होतं. शिवाय आमचा लाइट डावीकडून होता. डावीकडची बट आरशासारखी उलटी केली की तिची चमकही उलटते. डोक्याच्या एका भागावर उजेड डावीकडून आणि दुसऱ्यावर उजवीकडून, म्हणजे बाई दोन सूर्यांच्या मध्ये उभ्या. यजमानांना हे फार आवडलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं.

उजवीकडची बट उजवीकडूनच, मानेजवळून घेतली. तिच्याभोवती मागच्या पडद्याचा फिकट करडा रंग चिकटून आला होता. काळे केस आणि फिकट पडदा असला की एक सोय असते: लेयरचा मोड Darken केला की खालच्यापेक्षा गडद असेल तेवढंच दिसतं, त्यामुळे करडी झालर आपोआप नाहीशी होते आणि बाहेर आलेले एकटेदुकटे केस मात्र टिकतात. पण हाच मोड डोक्याच्या आतल्या भागात बटेची चमकही गिळतो, कारण चमक म्हणजे फिकट रंग. म्हणून कडेसाठी एक प्रत Darken, आतल्या भागासाठी दुसरी साधी, आणि दोन्हींना मास्क. कंटाळवाणं काम आहे. लग्नाच्या अल्बममधल्या साठ वऱ्हाड्यांसाठी कोणी करत नाही. व्हरांड्यासाठी करावं लागतं.

एवढं झाल्यावर उंची बरोबर आली, तरी बाहेरची कड अजून फार शहाणी दिसत होती. तिला जरा बिघडवायला हवं. इथे पुन्हा हिशोब. माणसाचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड. आपल्या फोटोत एका मिलिमीटरला साडेसहा पिक्सेल, म्हणजे एक केस अर्धा पिक्सेलसुद्धा नाही. फोटोत आपल्याला ‘एक केस’ म्हणून जो दिसतो, ते बहुतेक वेळा दोन-चार केसांचं कुटुंब असतं. त्यामुळे 2 पिक्सेलचा ब्रश, अपारदर्शकता निम्मी, आणि पेनचा दाब टोकाकडे कमी करत नेला की खरा वाटतो. पाच पिक्सेलनं काढला तर मिशी. रंग शेजारच्या केसांचाच उचलायचा. शुद्ध काळा कधीच नाही, बाईंचे केस प्रकाशात तपकिरीकडे झुकत होते आणि कानशिलांपाशी रुपेरी होते. असे केस वेगवेगळ्या लांबीचे, काही एकमेकांना ओलांडणारे, टाळूवर थोडे जास्त. सगळे एका अंतरावर, एका दिशेनं काढले की साळिंदर होतं.

शेवटी मी नेहमीची परीक्षा घेतो. केसांचा सगळा आकार एका लेयरवर काळा भरतो, चेहरा झाकतो आणि फोटो तळहाताएवढा करून नुसती सावली बघतो. कड कंपासनं काढल्यासारखी वाटली तर परत कामाला लागायचं. बाईंची सावली डावीकडे थोडी वर, उजव्या कानशिलाशी आत गेलेली, वर चार केस भटकलेले. कोणा तरी माणसाची वाटत होती. मी भरलेला काळा काढला.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. “घरून निघाले तेव्हा असेच होते,” त्या म्हणाल्या आणि पर्स उघडली.

यजमान उठले नाहीत. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. तिथे क्लोन करण्यासारखं काही नव्हतं, कानांवरची करडी पट्टी सोडली तर. मी काही बोलायच्या आत त्यांनी पाकिटातून एक जुना फोटो काढून टेबलावर ठेवला. लग्नाआधीचा, दाट केसांचा. “इथून घ्या,” ते म्हणाले.

मी फोटो उजेडाकडे धरला. “यात उजेड उजवीकडून आहे. तुमचा आजचा फोटो डावीकडून.”

“मग उलटा करा. दोन सूर्य नकोत.”

“पण उलटा केला की भांग दुसऱ्या बाजूला जाईल.”

यजमानांनी माझ्याकडे, मग बाईंकडे आणि मग समोरच्या आरशाकडे बघितलं. “जाऊ दे हो,” ते म्हणाले. “आता कुणाला आठवतोय तो कुठल्या बाजूला होता?”

“डावीकडे,” बाई म्हणाल्या.