कन्नड आणि तेलुगू ‘सारखंच की’? एकशे अठ्ठावीसची गंमत आणि तिची हद्द

सोलापुरात छपाईचं काम करायचं म्हणजे मराठीच्या जोडीला तेलुगू आणि कन्नड येतंच. पूर्व भागात पद्मशाली समाजाच्या पत्रिका तेलुगूत, अक्कलकोटच्या बाजूची कामं कन्नडमध्ये. आणि दर काही दिवसांनी कुणीतरी पेन ड्राइव्ह पुढे करून म्हणतं, “अहो, हे कन्नड आहे, तेलुगू करून द्या. अक्षरं सारखीच असतात की, बटण दाबलं की होतं.”

भाषांतर नकोय, फक्त लिपी बदलायची आहे, हे गृहीत धरू. मजकूर कन्नडच, पण तेलुगू वाचणाऱ्याला वाचता यावा. हे बटण दाबून होतं का? बरंचसं होतं. आणि ‘बरंचसं’ होतं म्हणूनच ते धोक्याचं आहे, असं माझं मत झालंय. साफ बिघडलेला मजकूर लगेच दिसतो. शंभरातली अठ्ठ्याण्णव अक्षरं बरोबर आली की उरलेल्या दोनांकडे कुणी बघत नाही, आणि ती नेमकी देवाच्या नावात असतात.

आधी बटण कशामुळे चालतं ते सांगतो. या दोन लिपी मुळात एकच होत्या. चालुक्यांच्या काळातले कोरीव लेख दोन्हीकडचे लोक आपले म्हणतात ते उगाच नाही. साधारण तेराव्या शतकापासून वळणं वेगळी होत गेली आणि छापखान्याच्या खिळ्यांनी ती पक्की केली. डोक्यावरची खूण बघा: तेलुगू क ला (క) बरोबरच्या खुणेसारखा तुरा, कन्नड क ला (ಕ) आडवी रेघ आणि तिला आकडा. बाकी अंग तेच.

संगणकात तर हे नातं आणखी जवळचं आहे. भारतीय लिप्यांसाठी 1988 साली इस्की नावाचं मानक झालं, त्यात सगळ्या लिप्यांचा ‘क’ एकाच घरात बसवला होता. युनिकोडने तीच मांडणी उचलली. तेलुगूला U+0C00 पासून 128 घरं, त्याला लागून कन्नडला U+0C80 पासून 128 घरं. कन्नड ಕ आहे U+0C95 वर, तेलुगू క आहे U+0C15 वर. हे आकडे सोळाच्या हिशेबातले, त्यातला 80 चा फरक म्हणजे आपले 128. म्हणजे 128 वजा केले की लिपी बदलली. आमच्या सिद्धरामेश्वरांच्या वचनांतली नाममुद्रा घ्या: ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’. ಕಪಿಲಸಿದ್ಧಮಲ್ಲಿಕಾರ್ಜುನ यातल्या प्रत्येक चिन्हातून 128 काढा, కపిలసిద్ధమల్లికార్జున तयार. जोडाक्षरं, काने, वेलांट्या, सगळं जागच्या जागी. यात ‘र्जु’ बघण्यासारखा आहे. कन्नडमध्ये रफार अक्षराच्या उजवीकडे जातो, तेलुगूत र पूर्ण उभा राहतो आणि जु त्याच्या पायाशी लहान होऊन बसतो. दिसायला दोन टोकं, पण आतला क्रम दोन्हीकडे र, हलन्त, ज, उकार असाच. दाखवायचं काम फॉन्ट करतो.

आता हाच ‘मल्लिकार्जुन’ कुठे कुठे अडखळतो ते बघू.

पहिलं ठिकाण म्हणजे जुन्या फायली. कर्नाटकातून येणारा मजकूर पुष्कळदा युनिकोडमध्ये नसतोच, नुडी किंवा बरहाच्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तिथे चिन्हं उच्चाराच्या नव्हे तर दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे आधी जु आणि मग रफार. अशा फाइलला थेट 128 लावण्यात अर्थच नाही. आधी ती युनिकोडमध्ये आणावी लागते, आणि ते करणाऱ्या कच्च्या प्रोग्रॅमने रफार मागे नेला नाही तर हाती येतं ‘ಮಲ್ಲಿಕಾಜುರ್ನ’. पुढे तेलुगूत तेच ‘మల్లికాజుర్న’ होऊन उतरतं: मल्लिकाजुर्न! श्रीलिपीतला मराठी मजकूर चिकटवल्यावर ‘मल्लिकाजर्ुन’ झालेला ज्यांनी पाहिलाय त्यांना हा आजार ओळखीचा असेल. ओळखायची सोपी खूण: तयार मजकुरात ‘कार्य’, ‘धर्म’, ‘अर्जुन’ असे रफाराचे शब्द शोधायचे. एकही सापडला नाही आणि त्यांच्या जागी काहीतरी भलतंच दिसलं, तर मूळ फाइलपासून पुन्हा सुरुवात करायची. नंतर एकेक शब्द दुरुस्त करत बसलात तर शेवट नाही.

दुसरं ठिकाण दिसतच नाही. काही कन्नड टंकलेखकांना रफार नको असतो, र पूर्ण हवा असतो. त्यासाठी र आणि हलन्त यांच्यामध्ये U+200D हे अदृश्य जोडचिन्ह घालतात. हे चिन्ह कन्नडच्या 128 घरांत नाही, त्यामुळे ते जसंच्या तसं तेलुगूत येतं. तेलुगूत र तसाही पूर्णच दिसतो, तिथे त्याचं काही काम नसतं. पण ते आत बसलेलं असतं. पुस्तकात ‘మల్లికార్జున’ शोधायला जा, काही वचनं सापडतात आणि काही नाही. सूची करणारा वेडा होतो.

यावर उपाय म्हणून सगळी अदृश्य चिन्हं पुसून टाकणारे लोक आहेत. तसं करू नका! त्याचा भाऊ U+200C हा कामाचा आहे. ‘ರಾಜ್‌ಕುಮಾರ್’ मध्ये ज आणि कु यांना तोच वेगळं ठेवतो. तो पुसला की ज च्या पायाखाली क जाऊन ‘ज्कु’ असं जोडाक्षर होतं. तेलुगूतही त्याची तितकीच गरज असते. म्हणून U+200D फक्त र आणि हलन्त यांच्यामधला काढायचा, U+200C ला हात लावायचा नाही.

तिसरं ठिकाण दीर्घ स्वरांचं, आणि ही माझी आवडती भानगड आहे. कन्नडमध्ये ‘दे’ चा दीर्घ ए दोन प्रकारे साठवता येतो. एक, सरळ U+0CC7 हे एकच चिन्ह. दोन, ऱ्हस्व ए (U+0CC6) आणि त्याच्या पुढे लांबीची खूण (U+0CD5). युनिकोडच्या नियमाने दोन्ही एकच समजायचे. जुन्या मॅकवरून आलेल्या फाइलींच्या नावांत हा सुटा प्रकार हमखास मिळतो. तेलुगूत मात्र दीर्घ ए हे एकसंध चिन्ह आहे, त्याचे तुकडे होत नाहीत. म्हणजे सुट्या ‘ದೇವ’ मधून 128 वजा केले की तेलुगूत ऱ्हस्व ए आणि एक लोंबती खूण मिळते. ते कधी फॉन्टच्या कृपेने बरं दिसतं, कधी खूण बाजूला पडते. पण संगणकाच्या लेखी तो ‘దేవ’ नसतोच. तेलुगूत आल्यावर ते जोडायची सोयही नाही. जोडायचं ते कन्नडमध्ये असतानाच, म्हणजे वजाबाकीच्या आधी.

माझ्याकडे एवढंच चालतं, कुणाला हवं तर घ्या. s मध्ये आधी कन्नड मजकूर भरायचा, t मध्ये तेलुगू मिळतो:

```python
import unicodedata, re
s = unicodedata.normalize("NFC", s)
s = re.sub("\u0CB0\u200D\u0CCD", "\u0CB0\u0CCD", s)
s = s.replace("\u0CDE", "\u0C34")
t = "".join(chr(ord(c) - 0x80)
            if 0x0C80 <= ord(c) <= 0x0CFF else c
            for c in s)
```

दुसऱ्या ओळीतली NFC सुटी चिन्हं जोडते, ती वजाबाकीच्या खाली नेलीत की देव बिघडला. शेवटची अट अशासाठी की दंड, स्वल्पविराम, मोकळी जागा यांतून 128 वजा करायचे नसतात. दंड तर देवनागरीच्या घरात राहतो आणि सगळ्यांना तोच चालतो.

मधल्या U+0CDE ची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हळगन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये, तमिळच्या ‘ழ’ सारखा एक वर्ण होता, ೞ. शिलालेखांच्या वाचनात तो भेटतो. युनिकोडने त्याला नाव दिलं KANNADA LETTER FA, म्हणजे ‘फ’! चूक कळली, पण एकदा दिलेलं नाव युनिकोड बदलत नाही, म्हणून शेजारी एक दुरुस्त नाव जोडलं. तेलुगूत हाच वर्ण 2014 साली आला आणि तो बसला U+0C34 वर. वजाबाकीने मिळणाऱ्या U+0C5E वर कुणीच राहत नाही, तिथे फक्त चौकोनी डबा दिसतो.

उलट्या दिशेने तेलुगूकडे ౘ आणि ౙ आहेत. आपल्या ‘चार’ आणि ‘चारा’ मधला च चा फरक तेलुगूलाही आहे. आपण तो लिहीत नाही, जुन्या तेलुगू कोशांनी तो लिहिला. कन्नडला तो उच्चारच नाही, म्हणून घरही नाही. तिथे साधा ಚ आणि ಜ घालून मोकळं व्हायचं.

इथपर्यंतचं सगळं प्रोग्रॅममध्ये बांधता येतं. खरा तिढा पुढे आहे. तो लिपीचा नाही, लिहायच्या सवयीचा आहे. तेलुगूत शब्द अनुस्वारावर संपणं रोजचं: సంఘం, పుస్తకం. लिपी बदलली की कन्नडमध्ये ‘ಸಂಘಂ’ होतं. प्रत्येक अक्षर बरोबर, पण कन्नड माणसाला ते हजार वर्षांपूर्वीच्या काव्यातल्यासारखं वाटतं. आज तो ‘ಸಂಘ’ लिहितो. संस्कृत स्तोत्र असेल तर शेवटचा अनुस्वार खपतो, संस्थेच्या पाटीवर नाही. दुसरीकडे कन्नडमध्ये ‘ॲप’ लिहिताना ‘ಆ್ಯಪ್’ लिहितात, म्हणजे आ ला हलन्त देऊन खाली य. आपल्या ॲ वर त्यांनी काढलेली ही युक्ती. तेलुगूत ती चालत नाही, तिथे ‘యాప్’ लिहितात. वजाबाकी करून आलेला ‘ఆ్యప్’ तेलुगू वाचकाला छपाईची चूक वाटतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

म्हणून तपासणीबद्दल माझा एक हट्ट आहे. दोन्ही लिपी येणाऱ्याला प्रूफ द्यायचं नाही. लोक नेमकं त्यालाच शोधून आणतात, पण त्याला मूळ शब्द आधीच कळलेला असतो आणि डोळा चूक भरून काढतो. तेलुगूतल्या प्रतीसाठी फक्त तेलुगू वाचणारा माणूस बसवा आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगा. कन्नड येणारा समोर बसून ऐकेल. वाचणारा जिथे थबकतो तिथे पेन्सिलीची खूण करायची. मी वचनांच्या पुस्तिका अशाच काढतो.

पाट्या आणि पत्रिकांवरची नावं मात्र बटणाने बदलायला मी सरळ नाही म्हणतो. तेलुगू घरात ‘రావు’ लिहितात, कन्नड घरात ‘ರಾವ್’. वजाबाकी-बेरजेने ‘ರಾವು’ छापला तर नियमाने तो अचूक असतो, पण घरचे तो आपला म्हणत नाहीत. तेव्हा नावांची यादी वेगळ्या कागदावर, ज्या लिपीत छापायची त्याच लिपीत, घरच्यांच्या हाताने लिहून आणा. कागदाचा फोटो पाठवला तरी चालेल.