रेग्युलरसोबत डिस्टन्स पदवी: खुलासा

"रेग्युलर बी.कॉम. चालू असताना डिस्टन्सने बी.ए.ला नाव घातलं तर दोन्ही पदव्या रद्द होतात, खरं का?"

नाही. हा जुना नियम अजून फिरतोय. विद्यापीठ अनुदान आयोगाने १३ एप्रिल २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत याला परवानगी दिली आहे. पीएच.डी. मात्र यात येत नाही.

खरी गोची मान्यतेत होते. विद्यापीठ नावाजलेलं असलं तरी त्याचा तो विशिष्ट दूरस्थ अभ्यासक्रम तुमच्या प्रवेशाच्या सत्रासाठी मान्य हवा. फी भरण्याआधी deb.ugc.ac.in वर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र, तिन्ही ताडून पाहा. यादीत बी.ए. दिसलं म्हणून एम.ए.ही मान्य असेल असं धरू नका.

दुसरी अडचण परीक्षेची. समजा बी.कॉम.चा कॉस्टिंगचा पेपर आणि बी.ए.चा इतिहासाचा पेपर एकाच सकाळी आला, तर एक सोडावाच लागतो. तारखा जुळवून देण्याची जबाबदारी कोणत्याच विद्यापीठावर नाही. दोन्हींची मागच्या वर्षीची वेळापत्रकं शेजारी ठेवून बघा. आणि मूळ टी.सी. एकच असते, ती कॉलेजात जमा असेल तर दुसरीकडे काय चालेल हे प्रवेशाआधीच लेखी विचारून घ्या.