आपली गाडी नेपाळला नेताना कागदांच्या कटकटीत न पडण्याचे उपाय

दिवाळीच्या सुट्टीत स्वतःची मोटार घेऊन पशुपतिनाथ, पोखरा आणि जमल्यास मुक्तिनाथ करून यावे, असा बेत पुण्या-नाशिककडच्या अनेक घरांत आखला जातो, आणि बेत आखताना कोणीतरी अनुभवी मनुष्य हमखास सांगतो की नेपाळ म्हणजे काही परदेश नव्हे. आपण या वाक्यावर संपूर्ण विश्वास ठेवावा. भारतीय नागरिकाला नेपाळचा व्हिसा लागत नाही, हे खरेच आहे. तेव्हा जी सवलत माणसाला आहे तीच गाडीलाही असणार, असे गृहीत धरण्यात गैर ते काय? नेपाळ सरकारच्या लेखी मात्र आपण पाहुणे असलो तरी आपली गाडी हा आयात होऊ पाहणारा माल आहे, आणि तिथे पेट्रोलच्या मोटारीवरचे सर्व कर एकत्र धरले तर ते गाडीच्या मूळ किमतीलाही मागे टाकतात. ही गाडी परत जाणार आहे, असे लिहून दिल्यावरच ते कर मागितले जात नाहीत. असल्या रूक्ष तपशिलात आपण शिरू नये. पुढचे सारे उपाय त्या अज्ञानावरच उभे आहेत.

उत्तर प्रदेशातील सोनौलीची कमान ओलांडली की पलीकडे बेलहिया लागते. आपण तिथे गाडी हळूही करू नये. अनेक गाड्या सरळ पुढे जाताना दिसतात, आणि त्यांच्यामागे जाणे हाच सर्वांत सोपा मार्ग आहे. त्यांतल्या पुष्कळशा गाड्या जवळच्या भैरहवा बाजारात जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्या असतात आणि त्यांच्यासाठीची सोय निराळी असते, ही शंका मनात आणू नये. लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाडीला डाव्या-उजव्या बाजूच्या सीमाशुल्क कार्यालयात थांबून ‘भंसार’ करावा लागतो, म्हणजे किती दिवस राहणार ते सांगून तितक्या दिवसांचे शुल्क भरून तात्पुरत्या आयातीचा कागद घ्यावा लागतो. शिवाय वाहतूक विभागाचा रस्त्यावर चालवण्याचा परवाना वेगळा, आणि त्याची खिडकीही वेगळी. दोन खिडक्यांवर दोन कागद मिळत असतील तर त्यातला एक नक्कीच अनावश्यक असणार, असा मराठी माणसाचा तर्क इथे निर्धास्तपणे लावावा. पुढे नारायणगढच्या आसपास पोलीस नेमका तोच दुसरा कागद मागतात, हा निव्वळ त्यांचा हट्ट.

खिडकीवर जायचेच झाले तर मूळ आरसी घरी ठेवून जावे. मोबाइलमध्ये सर्व कागद असताना चिंता कशाची? मोबाइलमधला कागद ग्राह्य धरण्याचा नियम भारताच्या मोटार वाहन नियमांतला आहे आणि तो भारतीय पोलिसांना बांधील करतो, हे खिडकीपलीकडच्या कारकुनाला आपण समजावून सांगू लागलात की त्यालाही करमणूक होईल. गाडी मेहुण्याच्या नावावर असल्यास तर फारच उत्तम. त्याचे नोटरी केलेले अधिकारपत्र घेण्याऐवजी तिथून त्याला व्हिडिओ कॉल लावावा आणि मागे उभ्या रांगेला आपल्या कुटुंबातील जिव्हाळ्याचे दर्शन घडवावे. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेला कळवणे हे केवळ तिला उगाच काळजीत टाकणे होय.

आता दिवसांचा हिशेब, ज्यात आपण विशेष प्रावीण्य दाखवू शकता. समजा, आपण शुक्रवारी दुपारी चार वाजता बेलहियात शिरणार आहात आणि पुढच्या आठवड्यातील शनिवारी सकाळी बाहेर पडणार आहात. आपण हॉटेलच्या सवयीने रात्री मोजाव्यात. त्या आठ भरतात. भंसारात मात्र तारखा मोजल्या जातात आणि शिरण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात, म्हणून हाच प्रवास नऊ दिवसांचा होतो. आठ दिवसांचे पैसे भरून आपण एका दिवसाचे काही शे नेपाळी रुपये वाचवलेत. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये या गेली तीन दशके ठरलेल्या दराने ही बचत आपल्या चलनात आणखी लहान होते, पण बचत ती बचत. परतीच्या वाटेवर मुग्लिन ते नारायणगढ या डोंगरी पट्ट्यात दरड कोसळून रस्ता अडला, की त्याच एका दिवसाचे दोन होतात, आणि मुदत उलटल्यावर दर दिवसाला जो दंड लागतो तो शुल्काच्या कितीतरी पट असतो. मुदत संपण्याआधी सीमाशुल्क कार्यालय गाठून ती वाढवून घेण्याचा मार्ग असतो; पण दरडीखाली अडकलेल्या रांगेत गाडीत बसून हे कार्यालय गाठता येत नाही, त्यामुळे तो विचार आपोआपच मिटतो. एक-दोन दिवस जास्तीचे लिहून घेणारे भित्रे लोक अशा वेळी शांतपणे चहा पीत बसलेले दिसतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

कागदावरची तारीख तर आपण तपासूच नये, कारण ती देवनागरीत असते आणि देवनागरी आपल्याला येतेच. ती विक्रम संवतातील असून वर्षाचा आकडा इंग्रजी वर्षापेक्षा ५६-५७ ने पुढे असतो, इतके आपल्याही लक्षात येईल. खरी मौज महिन्यात आहे. नेपाळमधील कार्तिक सौर महिना आहे आणि तो साधारण १७-१८ ऑक्टोबरला सुरू होतो. आपल्या भिंतीवरील पंचांगातला कार्तिक लागतो तो पाडव्याला, चंद्राच्या हिशेबाने. कागदावर ‘कार्तिक ८’ वाचून आपण आपली कार्तिक शुद्ध अष्टमी शोधलीत, तर काही वर्षी मुदत आठ-दहा दिवस लांबल्याचा आनंद आपल्याला मिळेल. तो आनंद आपण पुढच्या नाक्यापर्यंत अवश्य उपभोगावा. (इंग्रजी तारीख कारकुनाला विचारून कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवणारे लोकही असतात. त्यांना रसिकता नसते.)

परदेशी खासगी गाडीला नेपाळच्या एका आर्थिक वर्षात एकूण ३० दिवस मिळतात आणि ते वर्ष जुलैच्या मध्यावर बदलते, हेही विसरून जावे. दिवाळीत बारा दिवस वापरून झाल्यावर मे महिन्यात त्याच गाडीने मुलांना घेऊन तीन आठवडे जाण्याचा संकल्प करावा. उरलेले अठरा दिवस आणि लागणारे एकवीस दिवस यांतला फरक खिडकीवर उभे राहिल्यावरच कळावा.

विम्याच्या बाबतीत मात्र आपल्याला काहीच करायचे नाही, आणि म्हणूनच हा भाग सर्वांत यशस्वी ठरतो. पॉलिसी चालू आहे ना, मग झाले. पॉलिसीच्या पहिल्या पानावर भौगोलिक क्षेत्र म्हणून एक ओळ असते आणि तिच्यात ‘भारत’ एवढेच छापलेले असते. ती ओळ बारीक अक्षरांत असल्याने ती महत्त्वाची नाही, हे उघड आहे. भारतीय मोटार दरपत्रकात हे क्षेत्र नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव यांपर्यंत वाढवून घेण्याची तरतूद आहे. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसीला ५०० आणि निव्वळ तृतीय पक्ष पॉलिसीला १०० रुपये असा सरसकट जादा हप्ता त्यात ठरवलेला होता. सोनौलीपर्यंतच्या टोलपुढे ही रक्कम किरकोळ आहे. पण तत्त्वाचा प्रश्न असल्याने आपण ती भरू नये. एजंटाला फोन करून ‘नेपाळ चालते ना?’ असे विचारावे, तो ‘बिनधास्त जा’ म्हणाला की तेच एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतील बदलाची लेखी नोंद, समजावे. कंपनीच्या शिक्क्याचा, देशाचे नाव आणि तारखा लिहिलेला कागद मागून त्या बिचाऱ्याला अडचणीत आणू नये. म्यानमारमार्गे थायलंड गाठण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांनी या सहा देशांची यादी वाचण्याचा त्रासही घेऊ नये, कारण ते दोन्ही देश तिच्यात नाहीत.

तारखेचेही तसेच. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तृतीय पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो, आणि या दोन मुदती एकाच पॉलिसीवर शेजारी शेजारी छापलेल्या असतात. आपण त्यातली लांबची तारीख वाचावी. मग बुटवलहून पोखऱ्याला जाणाऱ्या सिद्धार्थ महामार्गावर, पाल्पाच्या वळणांत, समोरून आलेल्या ट्रकने आपल्या गाडीचे तोंड चेपले की चित्र पूर्ण होते. नुकसानीच्या विम्याची मुदत मागच्या मंगळवारी संपलेली असते, ती संपली नसती तरी क्षेत्रात नेपाळ नसते, आणि नेपाळी पोलिसांचा घटनास्थळाचा मुचुल्का, म्हणजे पंचनामा, मिळवायला हवा होता, हे आपल्याला पुण्यात आल्यावर समजते.

खरा पेच याच्याही पुढचा आहे. चेपलेली गाडी पोखऱ्याच्या गॅरेजमध्ये सुट्या भागांची वाट पाहत उभी राहते, आपली रजा संपते, आणि आपण विमानाने घरी जाऊन महिन्याभराने गाडी न्यायला येण्याचे ठरवता. हे आपण खुशाल ठरवावे. गॅरेजमध्ये पडून असलेल्या गाडीचेही दिवस चालूच राहतात, तिला तिथे विकता येत नाही, भंगारात देता येत नाही आणि कोणाला भेटही देता येत नाही, कारण सीमाशुल्काच्या दृष्टीने परत न गेलेली गाडी म्हणजे आयात झालेली गाडी, मग ती चालती असो वा नसो. अशा वेळी मुदतीतच क्रेनच्या ट्रकवर चढवून तिला सीमेपलीकडे आणणे हाच बहुधा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो, आणि तो खर्च कोणत्या विम्यातून निघेल याचा विचार आपण आधीच टाळलेला आहे.

हे सारे निभावून आपण सुखरूप परत आलात, तर शेवटचा उपाय करण्यास चुकू नये. संध्याकाळच्या गर्दीत बेलहियाच्या कार्यालयाकडे न बघता थेट कमानीतून सोनौलीत शिरावे आणि भंसारचा कागद आठवण म्हणून गाडीच्या कप्प्यात जपून ठेवावा. तो परत देऊन नोंद बंद करून घेतली नाही, तर नेपाळच्या दप्तरी आपली गाडी अजून नेपाळातच फिरत राहते, आणि पुढच्या वर्षी त्याच क्रमांकाची गाडी घेऊन आपण खिडकीशी उभे राहिलात की ती मुळात बाहेर कधी गेली, हे सिद्ध करण्याचे काम आपल्याकडे येते. फास्टॅगच्या पावत्या तेव्हा कामी येतील असे आपल्याला वाटेल. त्या घेऊन जाव्यात आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या पुणेकरालाही दाखवाव्यात.