बॅच सिक्वेन्स लॅडरमध्ये लिहिला तर काय बिघडतं?

"एसएफसी हा स्टेप आणि ट्रान्झिशनचा चार्ट म्हणजे नुसतं देखणं चित्र. लॅडरमध्ये स्टेपचे बिट सेट-रिसेट केले की तेच काम होतं. शिवाय रात्रपाळीच्या मेंटेनन्सवाल्याला लॅडरच वाचता येतं, आणि सगळा कंट्रोल आपल्या हातात राहतो."

तेच काम आपोआप होत नाही. मिक्सिंग टँकचा साधा सिक्वेन्स घ्या. स्टेप 20 मध्ये पाणी भरायचं, 30 मध्ये अ‍ॅजिटेटर लॅच करून 65 अंशांपर्यंत तापवायचं, 40 मध्ये 20 मिनिटं ढवळायचं. लॅडरमध्ये हे बहुतेक जण असं लिहितात:

```
S20 AND LevelOK -> SET S30, RESET S20
S30 AND TempOK  -> SET S40, RESET S30
```

आउटपुटच्या ओळी याच्या खाली. आता एखाद्या दिवशी टँकमध्ये कंडेन्सेटचं गरम पाणी आलं, म्हणजे TempOK आधीच खरं आहे. पहिल्या ओळीने S30 सेट केला, दुसरीने त्याच स्कॅनमध्ये रिसेट केला. खालच्या ओळींना S30 दिसलाच नाही, म्हणून अ‍ॅजिटेटर लॅच झाला नाही. टायमर मात्र 20 मिनिटं इमानदारीत चालतो, अलार्म येत नाही, आणि बॅच न ढवळताच पुढे जाते. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत कुणाला पत्ता नाही.

ओळी उलट क्रमाने लिहिल्या की हा दोष जातो, हे खरं. पण वर्षभराने कुणीतरी मधे S35 घालतो, चुकीच्या जागी, आणि दोष परत येतो. पीएलसी भाषांच्या आयईसी 61131-3 या मानकात नियमच आहे: नवी स्टेप चालू झाल्याचा परिणाम प्रोग्रॅमभर पोचल्याशिवाय तिच्या पुढचं ट्रान्झिशन तपासायचं नाही. म्हणजे एसएफसीत स्टेप 30 नकळत सटकत नाही.

मेंटेनन्सवाल्याचं म्हणाल, तर ट्रान्झिशनची अट आणि स्टेपमधली अ‍ॅक्शन बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये लॅडरमध्येच लिहिता येते. बॅच अडकली की ऑनलाइन चार्टवर चालू स्टेप उठून दिसते. तिच्याखालचं एकच ट्रान्झिशन उघडायचं. लेव्हल स्विच आला नाही की टेम्परेचर, लगेच कळतं. लॅडरमध्ये त्याच उत्तरासाठी क्रॉस-रेफरन्स काढून S30 कुठेकुठे वापरलाय ते धुंडाळावं लागतं.

कंट्रोलचा मुद्दा मात्र अर्धा मान्य. मोटरचे इंटरलॉक, ट्रिप आणि मॅन्युअल मोड एसएफसीत कोंबू नयेत. ते बाहेर लॅडरमध्येच बरे, कारण ते कुठल्याही स्टेपमध्ये लागू असतात. होल्डचंही तसंच, प्रत्येक स्टेपमधून फाटा काढला तर चार्टची जाळी होते. आणि एसएफसीचाही एक खड्डा आहे. रॉकवेलच्या लॉजिक्समध्ये स्टेप सोडतानाच्या शेवटच्या स्कॅनचं सेटिंग मुळात ‘Don't scan’ असतं. त्या स्टेपने बोलावलेल्या लॅडर रूटीनमधला OTE, म्हणजे साधा आउटपुट, मग चालूच राहतो. स्टीमचा व्हॉल्व्ह तिथे असेल तर पुढच्या स्टेपमध्येही वाफ येत राहते. म्हणून नवा चार्ट टाकताना पहिल्यांदा हे सेटिंग बघा, आणि तिथे ‘Automatic reset’ निवडा किंवा व्हॉल्व्ह बंद करायची ओळ स्वतः लिहा.